टेंबलाईची गोष्ट चार कडव्यांत

आमच्या गल्लीतल्या मुलींना हदग्यासाठी नवं गाणं हवं होतं. अट एकच, चार कडव्यांचं हवं, कारण त्याहून जास्त पाठ होत नाही. मी टेंबलाईची गोष्ट घेतली. ती नीट सांगायची तर एक रात्र पुरत नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. अंबाबाईनं कोल्हासुराला मारलं. मरताना त्यानं वर मागितला की नगरीला माझं नाव राहावं. पुढे त्याचा मुलगा कामाक्ष सूड घ्यायला आला आणि योगदंडाच्या जोरावर त्यानं देवांना शेळ्यामेंढ्या करून टाकलं. त्र्यंबोलीनं, म्हणजे आपल्या टेंबलाईनं, दंड मिळवून त्याला मारलं नि देवांना सोडवलं. मग विजयाचा सोहळा झाला, पण तिलाच बोलवायचं राहिलं. ती रुसून शहराच्या पूर्वेच्या टेकडीवर जाऊन बसली, शहराकडे पाठ करून. अंबाबाई समजूत काढायला स्वतः गेली. "कोल्हासुराला कसं मारलंस ते मला दाखव," असं टेंबलाई म्हणाली आणि अंबाबाईनं कोहळा फोडून दाखवला. आजही ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेकडीवर जाते, कुमारिकेच्या हातून कोहळा फुटतो आणि त्याच्या फोडींसाठी झुंबड उडते.

पहिल्यांदा मी सुरुवातीपासून लिहायला घेतलं. दोन कडवी कोल्हासुरातच गेली आणि टेंबलाई आली ती तिसऱ्यात. मग तिच्या रुसण्याला दोन ओळी उरल्या. जिचं गाणं ती अर्ध्यानंतर येत असेल तर सुरुवात चुकीच्या जागी झाली आहे हे ओळखावं.

म्हणून मी शेवटाकडून मागे चालले. कोहळा का फुटला? ती रुसली होती म्हणून. का रुसली? बोलावलं नाही म्हणून. त्याचं एवढं का लागलं? देवांना तिनंच सोडवलं होतं म्हणून. इथे थांबले. याच्या मागचं काही सांगितलं नाही तरी रुसवा समजतो. रणांगण, सोहळा, टेकडी आणि पालखी, अशी चार कडवी आपोआप पडली. एका कडव्यात एकच जागा ठेवली. दोन कडव्यांच्या मध्ये कितीही काळ उडी मारून जावा, ऐकणारा ती उडी घेतो, पण कडव्याच्या आत मारलेल्या उडीत तो अडखळतो.

कोल्हासुराचा वध गाळायचा धीर होईना. पण तो शेवटी कोहळ्याच्या रूपानं दिसतोच, मग दोनदा कशाला सांगायचा? त्याचं नाव मात्र आधी कानावर पडायला हवं, नाहीतर 'वैरी' कोण ते कळणार नाही. ते पहिल्या कडव्यात मुलाच्या ओळखीतून आणलं. कामाक्ष हे नाव गेलं. आठ अक्षरांच्या ओळीत एक नाव तीन-चार अक्षरं खातं, म्हणून ज्याचं पुढे काम नाही त्याला नाव दिलं नाही.

खरं दुखलं ते नगरीच्या नावाचा वर गाळताना. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "बाई, कोल्हापूरच्या गाण्यात कोल्हापूरचं नावच नाही?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण काही जण सांगतात की दरवर्षी कोहळ्याचा बळी मिळावा हेही कोल्हासुरानंच मागितलं होतं. वर ठेवला की कोहळा त्याच्यासाठी फुटतो. रुसवा ठेवला की टेंबलाईसाठी. मोठ्या गोष्टीत दोन्ही कारणं सुखानं नांदतात, पण चार कडव्यांत एकानं दुसऱ्याला खाल्लं असतं. वहिनींना म्हटलं, वराचं गाणं वेगळं करू. ते अंबाबाईचं होईल. हे जिला विसरले तिचं आहे.

मेंढ्या केल्या देवांच्या गं
कोल्हासुराच्या पोरानं
दंड ओढून घेतला
त्या एका टेंबलाईनं

नगारे वाजले दारी
पाट मांडले सर्वांना
सोडविलं जिनं त्यांना
तीच कुणा आठवेना

गेली टेकडीवर ती
शहराला केली पाठ
मागं दिव्यांचा उजेड
पुढं अंधाराची वाट

पालखीत अंबाबाई
आली टेकडी चढून
वैरी कसा मारला ते
दावी कोहळा फोडून

तिसऱ्या कडव्यात काहीच घडत नाही, ते काढून वर घाला, असंही एकीनं सुचवलं. मी ते ठेवलं. ती तिथे एकटी बसलेली दिसली नाही, तर चौथ्या कडव्यात पालखी टेकडी का चढते हे मुलींना कळणार नाही. म्हणताना मुली नेमक्या त्याच कडव्याला आवाज खाली आणतात. मी त्यांना तसं सांगितलेलं नाही.