सरासरीचा दिलासा

मे २०२२च्या पहिल्या पंधरवड्यात मी लुना नावाचा कॉइन तीनदा विकत घेतला. पहिली खरेदी विचार करून केली होती: साधारण ६,२०० रुपये भाव, ४०,००० रुपये. बुडाले तरी चालतील असं ठरवून बाजूला काढलेले पैसे होते ते. १० तारखेला भाव २,३००च्या आसपास आला, तेव्हा पुन्हा ४०,००० घातले. ११ तारखेला ४००ला आल्यावर आणखी ४०,००० घातले. हे शेवटचे बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ठेवले होते.

त्या रात्री मी फोनवर एकच आकडा पाहत बसलो होतो. माझी सरासरी किंमत ६,२००वरून ९७०वर आली होती. आता भाव ६,२००पर्यंत चढायची गरज नव्हती, जेमतेम अडीचपट झाला की मी सुटलो. बायको म्हणाली, "अरे, पण हे पैसे कुठले?" मी म्हणालो, "अगं, सरासरी बघ ना!" प्रश्नाला हे उत्तर नव्हतं, पण मला तेव्हा ते उत्तरच वाटलं होतं.

सरासरी खाली येते ती आपण जास्त पैसे घातल्यामुळे, कॉइन सुधारल्यामुळे नव्हे. माझे ४०,०००चे १,२०,००० झाले होते, एवढाच काय तो त्या दोन दिवसांतला बदल. आणि कॉइनचं म्हणाल तर तो सुधारणं सोडाच, पूर्वीचा राहिलाही नव्हता.

लुनाला एक जोडीदार होता, यूएसटी. त्याची किंमत कायम एक डॉलर राहावी म्हणून व्यवस्था अशी होती, की कुणीही एक यूएसटी परत द्यावा आणि एक डॉलर किमतीचे नवे लुना घ्यावेत. लुना ८० डॉलरला होता तेव्हा एका यूएसटीमागे लुनाचा ऐंशीवा हिस्सा तयार व्हायचा. भाव एक डॉलरवर आला की अख्खा एक, आणि एका सेंटवर आला की शंभर. यूएसटीवरचा विश्वास उडाला आणि लोक तो परत देत सुटले. जितके नवे लुना, तितका भाव खाली. जितका भाव खाली, तितके आणखी नवे लुना. सुमारे ३५ कोटी कॉइनचे काही दिवसांत साडेसहा लाख कोटी झाले. मी मात्र त्याला सेल समजत होतो. स्वस्त झालेला आंबा तोच आंबा असतो; इथे दर तासाला पेटीत पाणी ओतलं जात होतं. १३ तारखेला माझ्या १२४ कॉइनांचा धड चहाही आला नसता. (तोटा दुसऱ्या कॉइनच्या नफ्यातून वजा करता येणार नाही, हा नियम १ एप्रिलपासूनच लागू झाला होता, तेही तेव्हाच कळलं.)

सप्टेंबरमध्ये मी बिटकॉइन घेतला, तोही पडत्या भावात, तोही तीन हप्त्यांत. बायकोने साहजिकच विचारलं, "मग यात वेगळं काय?" मी वही दाखवली. पहिला हप्ता घेण्याआधीच लिहिलं होतं: एकूण ६०,०००, एक रुपया जास्त नाही. २० हजार डॉलरला पहिले वीस हजार रुपये, साडेअठराला दुसरे, सतराला तिसरे. तिन्ही झाले तर सरासरी साधारण १८,४००. पंधरा हजारांना आपलं चुकलं असं समजून सगळं विकायचं. तोटा अकरा हजारांच्या आसपास. म्हणजे पहिला हप्ता ही पूर्ण खरेदी नव्हतीच, तिचा तिसरा भाग होता. भाव पडला तर काय करायचं हे भाव पडण्याआधी ठरलं होतं. लुनाच्या वेळी पहिल्या ४०,०००नंतर काही ठरलंच नव्हतं, कारण ती माझी पूर्ण खरेदी होती. पुढचे दोन हप्ते तोट्याने ठरवले, मी नव्हे.

वहीनेही सगळं सुटत नाही. बाजार रात्रंदिवस चालतो, भाव आपल्या आकड्यावर थांबून आपली वाट पाहत नाही. पंधराला विकायचं म्हटलं तरी साडेचौदाच मिळू शकतात. एक्स्चेंजनेच व्यवहार थांबवले तर तेही नाहीत. शिवाय नोव्हेंबरात एफटीएक्स बुडालं तेव्हा बिटकॉइन साडेपंधरा हजारांपर्यंत आला. अजून थोडा पडता तर मी अकरा हजारांचा तोटा घेऊन बाहेर पडलो असतो, आणि नंतर भाव वर गेलेला पाहून हळहळलोही असतो. मी वाचलो तो नशिबाने.

त्या नोव्हेंबरात एकदा हात शिवशिवला होता. भाव सोळा हजार होता आणि चौथा हप्ता घ्यावासा वाटत होता. वही उघडली, तर चौथी ओळच नव्हती. पगार नुकताच झाला होता. त्यातून बाबांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आगाऊ रक्कम भरून आलो.