बाद होण्याचा हक्क

आमच्या वसतिगृहात पाचवीपासून दहावीपर्यंतची मुले एकाच छताखाली राहत असत आणि संध्याकाळी एकाच मैदानावर उतरत असत. पाच वाजता शाळेची घंटा होई आणि साडेसहाला बुद्धवंदना. मधल्या दीड तासात आमचा खो-खो चाले. एका बाजूला जिल्हास्तरावर खेळून आलेली दहावीची मुले आणि दुसऱ्या बाजूला गाव सोडून नुकतेच आलेले, बुटांच्या नाड्या नीट न बांधता येणारे पाचवीतले, असा तो मेळ होता. स्मरणिकेसाठी काय लिहावे याचा विचार करताना ढाली आणि प्रशस्तिपत्रे आठवली खरी. पण आम्हांला खरोखर काही शिकवून गेले ते हेच सायंकाळचे खेळ, आणि त्यांत आम्ही केलेली एक चूक.

संघ पाडण्याची आमची रीत सर्वांच्या परिचयाची असेल. दोन कर्णधार उभे राहत. बाकीची मुले आपापल्या तोडीचा जोडीदार शोधून, गळ्यात हात घालून येत आणि विचारत, “चंद्र हवा की सूर्य?” कर्णधाराला कोण चंद्र आणि कोण सूर्य हे ठाऊक नसे, म्हणून वाटणी निष्पक्ष होई. या रीतीत एकच उणीव होती. ज्याच्या तोडीचा कोणी नाही, तो शेवटी एकटा उरे.

त्या वर्षी असा एकटा उरणारा मुलगा पाचवीतला होता. अंगाने जड, पावलाने मंद. आम्ही त्याला लिंबू-टिंबू केले. म्हणजे तो पळेल, बसेल, पण बाद धरला जाणार नाही. आम्हांला वाटले, आपण त्याच्यावर उपकार केला. चार-पाच दिवसांनी तो मैदानावर येईनासा झाला आणि बोधिवृक्षाच्या पारावर बसू लागला. आमच्यापैकी एकाने कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला, “दादा, मी बाद होतच नाही, मग वाचलो असं कसं म्हणायचं?”

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याचे लिंबूपण काढून घेतले. पण मनातली दया काही गेली नाही. त्याच्या मागे धावताना आमचे चपळ गडी पाऊल आखडते घेऊ लागले, हात पोहोचत असूनही लावीनात. अशी सवलत लपत नाही, हे आम्हांला तेव्हा कळले. खरोखर पाठलाग होत असलेला मुलगा मागे पाहतो आणि वाट शोधतो. हा मात्र मध्येच थांबून पाठलाग करणाऱ्याच्या तोंडाकडे पाही. तिथे हसू दिसले की मान खाली घाली.

त्याच सुमारास रविवारच्या धम्मवर्गात भंतेजींनी चूळपंथकाची कथा सांगितली. चार महिने खपूनही त्याला एक गाथा पाठ होईना, तेव्हा थोरल्या भावाने, महापंथकाने, त्याला विहारातून निघून जाण्यास सांगितले. तथागतांनी त्याला थांबवले. त्यांनी गाथा सोपी करून दिली नाही, की पाठ झाली असे मानूनही घेतले नाही. एक शुभ्र वस्त्र हाती दिले आणि ते चोळत राहण्यास सांगितले. वस्त्र मळत गेले आणि त्या मळण्याकडे पाहता पाहता त्याला अनित्यता उमगली. त्या रात्री खोलीत आमची चर्चा झाली. या मुलाच्या हाती देण्याजोगे वस्त्र खो-खोमध्ये कोणते आहे?

खेळाचे नियम नव्याने पाहिले, तेव्हा ते आमच्या डोळ्यांसमोरच होते असे दिसले. बसणाऱ्या संघाचे आठ गडी मध्यपट्टीवरील चौरसांत एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. पळणारा गडी बसलेल्यांच्या मधून हवा तसा इकडून तिकडे जाऊ शकतो. पाठलाग करणाऱ्याला मात्र मध्यपट्टी ओलांडता येत नाही, आणि एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत मागे वळता येत नाही. म्हणून पळणारा पलीकडे गेला की कितीही वेगवान पाठलाग करणारा हतबल होतो. त्याला आपल्याकडे पाठ करून बसलेल्या सोबत्याला खो द्यावाच लागतो. याचा अर्थ असा की मधल्या चौरसांत वेगाला फारसे काम नसते. तिथे काम असते ते नजरेचे. पळणारा कोठे आहे, उठल्यावर डावीकडे वळावे की उजवीकडे आणि पुढचा खो केव्हा सोडावा, हे बसल्या जागी ठरवावे लागते. लांब धाव आणि सूर यांची गरज खांबांजवळ असते.

आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. पहिली, खांबांलगतच्या चौरसांत उंच आणि चपळ गडी बसतील. मधल्या चौरसांत नवखे आणि जुने आलटून पालटून. दुसरी, पाठलाग करणाऱ्याने आपल्याकडे पाठ असलेल्या दुसऱ्या गड्यापर्यंत खो दिलाच पाहिजे. हा नियम लहानांसाठी केला असे वाटेल, पण त्याचा खरा जाच झाला तो आमच्यातल्या सर्वांत वेगवान मुलाला. एकट्याने एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत धावण्याची त्याची हौस संपली. आठ दिवस तो धुसफुसला. नंतर त्याच्या लक्षात आले की शेजारचा वेळेवर उठला नाही तर आपला वेग फुकट जातो. मग तोच लहानांना उठायला शिकवू लागला.

तिसरी गोष्ट पळण्याची. पळणारा संघ तीन-तीन गड्यांच्या तुकड्यांनी मैदानात उतरतो. प्रत्येक तुकडीत एक कसलेला, एक मध्यम आणि एक नवखा ठेवायचे ठरले. येथेही जुनी खोड उफाळून आली. कसलेला गडी पाठलाग स्वतःकडे ओढून घेई आणि नवखा कोपऱ्यात उभा राहून वाचे. हे पुन्हा खांद्यावर वाहून नेणेच होते. म्हणून आम्ही वहीत प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा आजवरचा सर्वांत जास्त टिकण्याचा वेळ लिहू लागलो. मात्र कोणी थेट पाठीशी लागल्यापासूनच सेकंद मोजायचे. जो स्वतःचाच वेळ मोडील, त्याच्या संघाला एक जादा गुण. आमच्यापैकी कोणी शंका काढली की मुले मुद्दाम लवकर बाद होऊन आपला आकडा कमी राखतील. पण वहीत सर्वांत चांगला वेळच टिकत असल्यामुळे लवकर बाद होऊन काहीच हाती लागत नसे. आमच्या त्या मुलाच्या नावापुढे पहिल्या दिवशी 7 सेकंद लागले. तो आकडा पाहून आम्ही ओशाळलो. तो मात्र खूश झाला. वहीत त्याचे नाव प्रथमच आले होते.

सुरुवातीला त्याने आम्हांला गुण घालवूनही दिले. घाईने तो खो मिळण्याआधीच चौरसातून उठे. फाऊल होई, पाठलाग करणाऱ्याला उलट दिशेने जावे लागे आणि हाती आलेला गडी निसटे. आम्ही त्याला रागावलो. तो रागही त्याला आवडला असावा, कारण त्यानंतर तो एकदाही पारावर जाऊन बसला नाही. उठण्याची सवय लागावी म्हणून रात्री जेवणानंतर व्हरांड्यात त्याला डोळे मिटून बसवत असू आणि पाठीवर हात लागला की मगच उठायला सांगत असू.

पावसाळा सरल्यावरची एक संध्याकाळ आम्हां सर्वांना आठवते. पाच मिनिटांच्या डावातले शेवटचे अर्धे मिनिट उरले होते. समोरचा पळणारा आमच्या शाळेतला एकेरी साखळीचा उत्तम गडी, दोन-दोन चौरसांमधून नागमोडी सहज निघणारा. आमचा मुलगा चौथ्या चौरसात होता. खो मिळाला, तो उठला, उजवीकडे वळला. पळणाऱ्याला त्याचा वेग ठाऊक होता. त्यामुळे त्याने घाई न करता पाचव्या चौरसाच्या अलीकडून पट्टी ओलांडली. मुलाने त्याचा पाठलाग केलाच नाही. दोन पावले टाकून त्याने शेजारच्याच पाचव्या चौरसात खो दिला. तो गडी पलीकडे तोंड करून बसलेला होता आणि पळणारा त्याच्या हाताच्या अंतरावर उभा होता. तो उठता उठताच गडी बाद झाला. वहीत गुण पाचव्या चौरसाच्या नावावर लागला. ज्याने हात लावला त्याने मात्र वही हाती घेऊन पुढे कंसात लिहिले, “खो – चौथा.” तेव्हापासून खो देणाऱ्याची नोंद ठेवण्याची पद्धतच पडली.

या साऱ्याला मर्यादाही होत्या, त्या लपवणे बरे नाही. दहावीच्या मुलाने पाचवीच्या मुलावर सूर मारायचा नाही, हा निर्बंध शेवटपर्यंत ठेवावा लागला. कारण अंगाच्या वजनातला फरक कोणत्याही नियमाने मिटत नाही. स्पर्धेत आमचे जादा गुण चालत नसत. तेथे संघ बारा जणांचा आणि निवड खेळावरच. तो मुलगा शाळा सोडेपर्यंत त्या बारांत आला नाही. ते त्याला अगोदरच स्पष्ट सांगितले होते आणि त्याने ते ऐकून घेतले. पाचवीच्या अखेरीस वहीत त्याचा आकडा 23 सेकंद होता.

आता स्नेहमेळाव्याला आम्ही शाळेत येतो तेव्हा संध्याकाळी मैदानावर उतरण्याचा मोह आवरत नाही. गुडघे कुरकुरतात, पोटे सुटली आहेत. जोड्या पडतात तेव्हा आमच्या तोडीचे कोणी नसते आणि आम्ही शेवटी उरतो. गेल्या खेपेला मुलांनी आदराने सांगितले, “तुम्ही नुसते पळा, काका, तुम्हांला बाद धरणार नाही.” आम्ही एकमेकांकडे पाहिले. त्यांच्यातल्या कर्णधाराला जवळ बोलावून आम्ही दोनच विनंत्या केल्या. आम्हांला मधल्या चौरसांत बसवा, आणि हात लागला तर बाद धरा.

त्या संध्याकाळी आमच्यापैकी सर्वांत जास्त टिकलेला 9 सेकंद टिकला. मुलांनी तो आकडा लिहून ठेवला आहे.