व्हिच बस?

दिवाळी उलटली, पहाटे शाल काढावीशी वाटू लागली, की आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर परदेशी पाहुणे दिसू लागतात. मी सिल्लोडच्या शाळेत शिकवते, त्यामुळे सकाळचा माझा थोडा वेळ रोजच त्या फलाटांवर जातो. गाड्यांचा धूर, चहाचा वाफाळता वास, कंडक्टरांची आरोळी, आणि या सगळ्यात पाठीवर भलीमोठी सॅक घेऊन कोणीतरी मान वर करून पाट्या बघत उभं असतं. हातातल्या पुस्तकात औरंगाबाद लिहिलेलं, समोरच्या फलकावर दुसरंच नाव. पुस्तकात एलोरा, आणि गाडीच्या काचेवर देवनागरीत कन्नड किंवा चाळीसगाव. ती गाडी वेरूळवरूनच जाणार आहे हे आपल्याला माहीत, त्यांना कुठून कळणार?

वाट चुकलेलं माणूस चटकन ओळखू येतं. ते एकच पाटी दोनदा वाचतं, चार पावलं जातं, परत येतं, फोन आडवा-उभा फिरवतं. त्याच्याकडे जावंसं खूप जणांना वाटतं, हे मी पाहिलंय. कॉलेजची मुलं एकमेकांना कोपर मारतात, ‘तू बोल ना.’ इंग्रजी चुकेल म्हणून कोणीच पुढे होत नाही. मग पुढे होतो तो ज्याला गाडी विकायची आहे.

त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘हॅलो, व्हेअर आर यू फ्रॉम?’ पाहुण्यांनी ते विमानतळापासून इतक्या वेळा ऐकलेलं असतं की ऐकताच त्यांचे खांदे आखडतात आणि हात सॅकच्या पट्ट्याकडे जातो. म्हणून मी देश विचारत नाही, नाव विचारत नाही. ‘मे आय हेल्प यू’ही शक्यतो टाळते, कारण ते दुकानाच्या काउंटरवरचं वाक्य आहे आणि त्याला ‘नो, थँक यू’ हे उत्तर तयारच असतं. मी थोडी बाजूला, हातभर अंतर राखून उभी राहते, त्यांची वाट अडणार नाही अशी, आणि म्हणते, ‘हॅलो. व्हिच बस?’

एवढंच. या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येतं आणि ते द्यायला घाबरण्यासारखं काही नसतं. अजिंठ्याला येणारे अनेक जण जपान, थायलंड, श्रीलंकेतले असतात, बुद्धाच्या ओढीने आलेले. त्यांचंही इंग्रजी आपल्यासारखं शिकून घेतलेलं असतं, त्यामुळे लांबलचक, वळणदार वाक्य त्यांच्याही कामाचं नसतं. लगेच पुढचं वाक्य, ‘आय लिव्ह हिअर. आय ॲम वेटिंग फॉर माय बस.’ या बाईला तिची स्वतःची गाडी पकडायची आहे, हिला आपल्याकडून काही नको, हे कळलं की चेहरा सैल होतो. ते ‘नो’ म्हणाले तर हसून ‘ओके, हॅव अ गुड डे’, आणि आपण खरंच दूर व्हायचं. एकट्या मुलीपाशी तर मुद्दाम बायकांनी जावं असं मला वाटतं.

एका मंगळवारी जपानहून आलेल्या मध्यमवयीन बाई अशाच उभ्या होत्या. कापडी टोपी, कागदावर नीटस अक्षरांत आखलेला दिवस. माझ्या प्रश्नावर त्यांनी कागद पुढे केला, ‘एलोरा.’

वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठ्याची सोमवारी. गाड्या मात्र मंगळवारीही भरून जातात, कारण घृष्णेश्वराचं मंदिर उघडं असतं. कंडक्टर बिनदिक्कत तिकीट फाडतो आणि पाहुणा तीस किलोमीटर जाऊन बंद फाटकापाशी उभा राहतो. मी म्हटलं, ‘टुडे ट्यूजडे. एलोरा क्लोज्ड.’

त्या एक पाऊल मागे सरकल्या. बरोबरच होतं त्यांचं. ‘आज बंद आहे, मी दुसरीकडे नेतो’ ही तर भारतभरच्या दलालांची जुनी युक्ती. प्रवासाच्या पुस्तकांतून तिच्यापासून सावध केलेलं असतं. म्हणजे मी खरं तेच सांगत होते, आणि ते ऐकायला अगदी खोट्यासारखं होतं. अशा वेळी आवाज चढवून ‘बिलीव्ह मी’ म्हटलं की उरलासुरला विश्वासही जातो. मी चौकशीच्या खिडकीकडे बोट दाखवलं, ‘प्लीज, आस्क देअर.’ आणि जागची हलले नाही. त्या एकट्या गेल्या, खिडकीशी बोलल्या, आणि परत आल्या तेव्हा त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला. माणसाला स्वतः खात्री करू देणं यासारखी दुसरी मदत नाही, असं मला तेव्हापासून वाटत आलंय.

पुढचं सोपं होतं. ‘अजंता ओपन टुडे. थ्री अवर्स. टुमॉरो, एलोरा.’ सकाळचे आठच वाजत होते, म्हणजे अकराच्या सुमारास पोचून पाच वाजेपर्यंत निवांत बघता येणार होतं. आकडे मी बोलले नाही, त्यांच्या कागदावर लिहिले. थर्टीन आणि थर्टी, फिफ्टीन आणि फिफ्टी कानाला फसवतात, लिहिलेला आकडा फसवत नाही. होकारासाठी आपण मान डोलावतो, तीही परक्या माणसाला कळत नाही, ‘येस’ म्हणावं.

जळगावची गाडी लागली. माझीही वाट तीच, सिल्लोडपर्यंत. आणि इथे इंग्रजी संपून मराठीचं काम सुरू झालं. अजिंठा गाव आणि अजिंठ्याची लेणी एका ठिकाणी नाहीत. गाव आधी येतं, मग घाट उतरावा लागतो, आणि खाली फर्दापूरच्या अलीकडे लेण्यांचा फाटा लागतो. ‘अजंता, अजंता’ ऐकून पाहुणे गावातच उतरतात आणि लेणी शोधत बसतात. मी कंडक्टरला म्हटलं, ‘दादा, ह्यांना गावात उतरवू नका. खाली लेणीच्या फाट्यावर सोडा, जिथून लेणीची बस मिळते तिथे.’ ‘सोडतो मॅडम, काळजी करू नका,’ तो म्हणाला. त्यांच्या कागदावर मी लिहिलं, तेही कॅपिटल अक्षरांत: गावात उतरू नका, फाट्यावरून दुसरी बस, चार किलोमीटर.

सिल्लोडला मी उतरले तेव्हा त्या खिडकीबाहेर कापसाची शेतं बघत होत्या. पांढरी बोंडं फुटलेली, मधूनच मक्याचं पिवळं. त्या मला म्हणाल्या, ‘ब्युटिफुल.’ आपल्या रोजच्या रस्त्याला असं कोणी म्हटलं की बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

सगळंच आपल्याला ठाऊक असतं असंही नाही. हॉटेल, पैसे बदलणं, हरवलेला पासपोर्ट यांत मी पडत नाही, अंदाजाने काही सांगत तर नाहीच. पर्यटन मंत्रालयाचा 1363 हा क्रमांक चोवीस तास चालतो, तिथे हिंदी-इंग्रजीसह 12 भाषांत बोलता येतं. तो कागदावर लिहून देते. संकट असेल तर 112.

तुम्ही वेरूळच्या गाडीत बसलात आणि शेजारी सॅकवाला पाहुणा दिसला, तर आधी आज वार कोणता ते आठवा. मंगळवार असेल तर गाडी सुटण्याआधी त्याला सांगा.