चित्र येतं, पण कॅमेरा हलत नाही

गोवंडी स्टेशनजवळच्या एका छोट्या सभागृहात अण्णाभाऊ साठे जयंतीचा कार्यक्रम होता. 1 ऑगस्टला पाऊस असतो, ज्येष्ठ सभासद घरूनच बघणार, म्हणून थेट प्रक्षेपण ठरलं आणि ते माझ्याकडे आलं. भाड्याने आणलेला कॅमेरा पीटीझेड होता, म्हणजे मान वळवणारा, वरखाली होणारा आणि झूम करणारा. रिमोटवरून आम्ही त्याच्यात तीन जागा साठवल्या: 1 व्यासपीठ, 2 माईक, 3 प्रेक्षक. कार्यक्रमात मात्र या जागा लॅपटॉपवरून बोलवायच्या होत्या. ओबीएसमध्ये चित्र स्वच्छ येत होतं. नियंत्रणाच्या प्लगइनमधलं बटण दाबलं की काहीच व्हायचं नाही, आणि चूक झाल्याची एक ओळही दिसायची नाही.

चित्र येतंय म्हणजे जोडणी झाली, असं मी धरून चाललो होतो. सभागृहाचं साउंड बघणारे काका म्हणाले, "अरे, चित्र एका दाराने येतं, हुकूम दुसऱ्या दाराने जातो. दुसरं दार बघितलंस का?" दार म्हणजे पोर्ट. आमचं चित्र आरटीएसपीने 554 या पोर्टवरून येत होतं. हुकूम जातात ते व्हिस्का नावाच्या भाषेत. ही सोनीने मुळात सिरियल केबलसाठी बनवली, नेटवर्कवर नंतर आली. सोनीच्या पद्धतीत ती यूडीपीच्या 52381 पोर्टवर जाते आणि प्रत्येक हुकमाआधी आठ बाइटचा मथळा असतो. इतर अनेक कॅमेऱ्यांना हा मथळा चालत नाही. त्यांना नुसता हुकूम लागतो, तोही वेगळ्या पोर्टवर.

प्लगइन 52381 वर पाठवत होतं. वायरशार्क उघडून `udp.port == 52381` हा फिल्टर लावला, तेव्हा पाकिटं फक्त जाताना दिसली, परत काहीच येत नव्हतं. यूडीपीत पोचपावतीची सोयच नसते, त्यामुळे सॉफ्टवेअरला काही बिघडल्याचा पत्ताच लागत नाही. ब्राउझरमध्ये कॅमेऱ्याचं पान उघडलं तर तिथे व्हिस्कासाठी टीसीपी 5678 लिहिलेलं होतं. प्लगइनमध्ये यूडीपीऐवजी टीसीपी निवडून तो पोर्ट दिला आणि कॅमेऱ्याने मान वळवली. मला इतका आनंद झाला की मी काही वेळ नुसता डावी-उजवीकडेच फिरवत बसलो.

मग प्रीसेट घेतले. पहिलं बटण दाबलं, कॅमेरा जागचा हलला नाही. दुसरं दाबलं तर व्यासपीठ, तिसरं दाबलं तर माईक. सगळं एका घराने सरकलेलं. वायरशार्कमध्ये पहिल्या बटणाचा हुकूम असा होता:

```
81 01 04 3F 02 00 FF
```

यातलं `3F 02` म्हणजे साठवलेली जागा बोलव, आणि पुढचा आकडा त्या जागेचा क्रमांक. प्लगइन शून्यापासून मोजत होतं, आमच्या रिमोटने एकपासून साठवलं होतं. शून्यावर काहीच साठवलेलं नव्हतं. मग तिन्ही जागा आम्ही लॅपटॉपवरूनच नव्याने साठवल्या. साठवायचं आणि बोलवायचं एकाच ठिकाणाहून केलं की क्रमांकाचा घोळ उरत नाही.

तरीही रंगीत तालमीत व्यासपीठ बोलावलं की कॅमेरा तिथे जायचा आणि लगेच सरकायचा, पाण्याचा जग घेऊन चाललेल्या मुलामागे. रिमोटवरून चालू केलेलं ट्रॅकिंग अजून सुरूच होतं. ट्रॅकिंग चालू असताना आमच्या कॅमेऱ्यात जागा बोलावता येते, पण टिकत नाही, कारण माणूस दिसला की तो पुन्हा त्याच्याच मागे जातो. आधी ट्रॅकिंग बंद, मग प्रीसेट, हा क्रम पाळावाच लागतो.

लॅपटॉपवरून ते बंद करायला गेलो तर ट्रॅकिंगचं तयार बटणही निकामी. या वेळी मात्र कॅमेऱ्याने उत्तर दिलं: `90 60 02 FF`. म्हणजे हुकूमच कळला नाही. हुकूम पटला असता तर आधी `90 41 FF` आणि काम संपल्यावर `90 51 FF` आलं असतं. मान वळवण्याचे हुकूम बहुतेक कंपन्यांत सारखे असतात. ट्रॅकिंगचा हुकूम मात्र प्रत्येक कंपनी आपापला ठरवते, आणि ते बटण दुसऱ्याच कंपनीसाठी लिहिलेलं होतं. आमच्या कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकातल्या आज्ञासूचीतून त्याचा चालू-बंदचा हुकूम काढून बटणावर घातला, तेव्हा ते चाललं.

कार्यक्रमात प्रतिमेला हार घालायला रांग लागली. माणसं एकमेकांना ओलांडतात तेव्हा ट्रॅकिंग कोणाला धरेल याचा भरवसा नसतो, म्हणून तेवढा वेळ ते बंद ठेवून व्यासपीठाची रुंद चौकट लावली. वक्त्या माईकपाशी आल्या, दुसरी जागा बोलावली, कॅमेरा थांबेपर्यंत वाट पाहिली आणि मगच ट्रॅकिंग चालू केलं. बोलता बोलता त्या माईक हातात घेऊन पहिल्या रांगेपर्यंत चालत आल्या, आणि घरी बसलेल्यांना त्या सबंध वेळ चौकटीत दिसत होत्या.