निष्क्रिय खाते आणि पासबुकातील तीन कपाती

अम्मींचे बचत खाते लातूरच्या एका बँकेत होते. आम्ही नांदेडला राहायला आलो आणि जून 2022 नंतर त्या खात्यात ना पैसे भरले, ना काढले. खातेदाराने दोन वर्षांहून अधिक काळ व्यवहार केला नाही की खाते निष्क्रिय होते. बँकेने जमा केलेले व्याज किंवा कापलेले शुल्क हा खातेदाराचा व्यवहार धरत नाहीत. म्हणजे अम्मींचे खाते जून 2024 नंतर निष्क्रिय झाले.

ते चालू करायला लातूर गाठावे लागले नाही. रिझर्व्ह बँकेच्या 1 एप्रिल 2024 पासूनच्या नियमांप्रमाणे केवायसीची कागदपत्रे बँकेच्या कोणत्याही शाखेत देता येतात. नांदेडच्या शाखेत अर्ज, फोटो, आधार आणि पॅन दिले. पॅन नसेल तर त्यासाठीचा ठरलेला फॉर्म भरतात. अर्ज पूर्ण असेल तर तीन कामकाजाच्या दिवसांत खाते सुरू व्हायला हवे, आणि त्याला शुल्क नाही.

पासबुक छापून घेतले तेव्हा किमान शिल्लक नसल्याबद्दल 118 रुपयांच्या तीन कपाती दिसल्या: डिसेंबर 2023, सप्टेंबर 2024 आणि मार्च 2025. पहिली खाते निष्क्रिय होण्याआधीची, ती गेली. निष्क्रिय खात्याला हा दंड लावता येत नाही, म्हणून पुढच्या दोन तारखा लिहून अर्ज दिला. 236 रुपये परत आले.

निष्क्रिय काळातही व्याज जमा होतच राहते. त्या नोंदींची बेरीज अम्मींनी आम्हाला वेगळी काढायला लावली आणि ती रक्कम सवाबची नियत न ठेवता गरजूंना देऊन टाकली.