मुखपृष्ठावर 'पेन्शन' नको

आमच्या बाळकुममध्ये एक गृहस्थ राहतात, सगळे त्यांना नाना म्हणतात. कोलशेत रोडवर पूर्वी जे कारखाने होते त्यांपैकी एकाच्या पगार विभागात त्यांची तीस वर्षं गेली. कामगारांची पगारपत्रकं, पीएफचे फॉर्म, रिटायर होणाऱ्याचा शेवटचा हिशेब हे सगळं त्यांच्या हातून व्हायचं. आता त्या अनुभवावर त्यांनी दीडशे पानांचं पुस्तक लिहिलं आहे. नोकरी करणाऱ्याने म्हातारपणाची तरतूद कशी करावी, असा विषय. मजकूर मी वाचला. स्वच्छ आहे, कुठेही अडत नाही. 'भाईजान, तुम्ही लिहिता, नावावर एकदा नजर टाका,' असं म्हणून त्यांनी पहिलं पान पुढे केलं. त्यावर होतं, 'आयुष्याची सांज: सेवानिवृत्ती नियोजनाचा सुलभ मार्गदर्शक'.

आतला मजकूर नानांच्या बोलण्यासारखा होता आणि नाव मात्र सरकारी परिपत्रकासारखं. ज्या माणसासाठी हे पुस्तक आहे, त्याच्या तोंडात या नावातला एकही शब्द नसतो.

'सांज' सोडायला नाना लवकर तयार झाले. दुकानात ते पुस्तक कवितासंग्रहांच्या शेजारी जाऊन बसेल, एवढं सांगणं पुरलं. 'सुलभ' म्हटलं की अजूनही दहावीचं गाइड आठवतं, नाहीतर स्टेशनबाहेरचं शौचालय. 'नियोजन' शब्दाला नानांचा पाठिंबा होता, कारण वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत 'आर्थिक नियोजन' रोज छापून येतं. पण आमच्या पिढीच्या कानात 'नियोजन'च्या आधी 'कुटुंब' आपोआप वाजतं आणि डोळ्यांपुढे लाल त्रिकोण येतो, त्याला इलाज नाही.

'निवृत्ती' हा शब्द सुंदर आहे. पण मराठीत त्याच्यामागे प्रवृत्ती-निवृत्तीचा सगळा विचार उभा असतो, ज्ञानेश्वरांचे थोरले बंधू निवृत्तिनाथ उभे असतात. शिवाय त्याच्या लेखनाचा घोळ आहे. शब्द एकटा असेल तर 'निवृत्ती' दीर्घ, समासात 'निवृत्तिवेतन' ऱ्हस्व. हा नियम किती जण पाळतात? फोनवर शोधणारा एक लिहितो आणि पुस्तकाच्या नोंदीत दुसरंच असतं. 'सेवानिवृत्ती'त तर 'सेवा' आहे, म्हणजे शासकीय सेवा. कारखान्यातला माणूस सेवेतून निवृत्त होत नाही, तो रिटायर होतो. बाळकुम नाक्यावर उभं राहून कान दिले तर हाच शब्द ऐकू येईल.

मग नाना म्हणाले, सरळ 'तुमची पेन्शन' ठेवू या. छोटं, ओळखीचं आणि सगळ्यांना हवंहवंसं. मला वाटतं, सगळ्यात धोक्याचं नाव तेच होतं, आणि आमचा सगळ्यात जास्त वेळही त्यावरच गेला.

महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांना जुनी पेन्शन लागू राहिली नाही. ती परत मिळावी म्हणून मार्च २०२३ मध्ये मोठा संप झाला आणि 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा घराघरांत पोहोचली. तेव्हापासून हा शब्द मुखपृष्ठावर दिसला की वाचकाला आंदोलन आठवतं. शिक्षक, तलाठी, आरोग्यसेवक पुस्तक उचलतील आणि आत त्यांच्या कामाचं काही सापडणार नाही. ज्याच्यासाठी ते लिहिलंय तो वेल्डर किंवा अकाउंटंट मात्र म्हणेल, आपल्याला कुठे पेन्शन, आणि पुढे जाईल.

पण त्याला पेन्शन असते. १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के जातात, आणि एरवी ते १५,००० रुपयांच्या पगारावरच मोजले जातात, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १,२५०. दहा वर्षं नोकरी भरली की ५८ व्या वर्षापासून पेन्शन सुरू होते. किती मिळते, ते नानांनी एका प्रकरणात अगदी सोपं करून सांगितलं आहे. पेन्शनपात्र पगाराला नोकरीच्या वर्षांनी गुणायचं आणि ७० ने भागायचं, बस.

एक माणूस धरू या. १९९६ मध्ये लागला, २०२४ मध्ये ५८ वर्षांचा होऊन रिटायर झाला. एकूण नोकरी २८ वर्षं. शेवटचा पगार ४०,००० असला तरी हिशेबात १५,००० च धरले जातात. आणि ही १५,००० ची मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासूनची आहे, त्याआधीच्या वर्षांना ६,५०० ची मर्यादा लागते. आधीच्या १८ वर्षांचे होतात १,६७१ रुपये, नंतरच्या १० वर्षांचे २,१४३. वीस वर्षांहून जास्त नोकरी झाली म्हणून दोन वर्षं जादा धरली जातात, त्याचे थोडे आणखी. ज्याने जास्त पगारावर पेन्शनचा पर्याय घेतलेला नाही, त्याच्या हातात महिन्याला साधारण चार हजार येतात.

हा आकडा कागदावर मांडल्यानंतर मी नानांना विचारलं, 'ज्या पुस्तकाच्या नावात पेन्शन आहे आणि आत हे चार हजार आहेत, ते विकत घेणाऱ्याला काय वाटेल?' नाना बराच वेळ चष्मा पुसत बसले. त्यांनी स्वतः किती जणांना हा आकडा सांगितला असेल. त्या प्रकरणाचं सांगणंच असं आहे की पेन्शनच्या भरवशावर राहू नका, पीएफची रक्कम नोकरी बदलताना काढून खर्च करू नका. मग नावाने उलटं वचन कशाला द्यायचं?

उपशीर्षकाचा त्यांचा एक मसुदा होता, 'व्याजावर निश्चिंत जगण्याचा मार्ग'. तो मी राबोडीत राहणाऱ्या माझ्या मामूंना दाखवला. मामूंनी चाळीस वर्षं नोकरी केली, पीएफही घेतला. 'बेटा, हे माझ्यासाठी नाही,' एवढंच म्हणून त्यांनी कागद परत दिला. नाना चकित झाले, कारण पुस्तकात या प्रश्नावर दोन पानं आहेतच. सक्तीने कापल्या जाणाऱ्या रकमेवर जे मिळतं ते आणि स्वतःहून जादा भरलेल्या रकमेवर जे मिळतं ते, यात काही आलिम फरक करतात, काही करत नाहीत. नानांनी निवाडा दिलेला नाही, आपल्या आलिमांना विचारा म्हणून सोडलं आहे, आणि ते योग्यच केलं. पण मुखपृष्ठावर 'व्याज' हीच कमाई म्हणून मिरवली, तर मामू त्या दोन पानांपर्यंत पोहोचणारच नाहीत. 'निश्चिंत' शब्दही त्याच फटक्यात गेला. कारखाना बंद होऊन त्याच जमिनीवर टॉवर उभे राहिलेले पाहिलेल्या माणसाला निश्चिंतीची हमी कोण देणार?

आकड्यांचा मोहही होऊन गेला. पी. व्ही. सुब्रमण्यम यांच्या इंग्रजी पुस्तकाचं नाव आहे 'रिटायर रिच' आणि खाली दिवसाला चाळीस रुपये गुंतवा असं उपशीर्षक. पकड चांगली आहे, लहान आकडा माणसाला जवळ ओढतो. पण महागाईने तो आकडा दरवर्षी जुना होत जातो, आणि नानांचं पुस्तक पाच-दहा वर्षं चालावं अशी इच्छा. 'अठ्ठावन्ननंतर' हे नाव मला फार आवडलं होतं. मग लक्षात आलं की पीएफच्या पेन्शनचं वय ५८ असलं तरी कित्येक कंपन्यांत रिटायरमेंट साठाव्या वर्षी असते.

शेवटी 'पगार थांबल्यावर' हे नाव पुढे आलं. तपासणीची रीत आम्ही अशी ठरवली: कागदावर नुसतं नाव लिहून दाखवायचं आणि 'आवडलं का' असं विचारायचंच नाही, कारण आपल्याकडे तोंडावर सगळे 'छान' म्हणतात. 'या पुस्तकात काय असेल?' एवढंच विचारायचं. सोसायटीचा वॉचमन, एक नर्स, वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात जाणारी माझी भाची, आणखी पाच-सहा जण. निम्म्यांनी रिटायरमेंट सांगितली. बाकीच्यांना वाटलं, नोकरी गेली तर काय करायचं त्याचं पुस्तक. आमच्या भागाचा इतिहास पाहता त्यांचं काय चुकलं?

नाव बदलायचं का? मी नको म्हटलं. नावाने माणसाला थांबवलं की बाकीची शंका उपशीर्षकाने फेडायची असते. दोघांनी एकच काम दोनदा करू नये, आणि नाव दोन अर्थांचं असेल तर उपशीर्षकाला एकाच अर्थाचं असावं लागतं. तिथे 'रिटायरमेंट' शब्द यायलाच हवा होता. आणि कोणासाठी, हेही.

'नोकरदारांसाठी' म्हटलं तर सरकारी लोकही आले. 'खासगी नोकरदारांसाठी' म्हटलं तर वॉचमन म्हणाला, 'मी तर कॉन्ट्रॅक्टवर आहे, माझं पण आहे का यात?' त्याचा पीएफ ठेकेदार कापतो, म्हणजे पुस्तक त्याचंच. मग मला विचारायची वेळच आली नाही. नानांनीच पगाराच्या स्लिपवरची ओळ उचलली: 'ज्यांचा पीएफ कापला जातो, त्यांच्यासाठी रिटायरमेंटचा हिशेब'. यात वॉचमन आला, नर्स आली, भाची आली. सरकारी माणूस आपल्या कपातीला जीपीएफ म्हणतो, तो फसणार नाही. 'सोप्या मराठीत' जोडायचा नानांचा आग्रह होता. ते वाक्यच सोपं आहे, म्हणून तो सुटला.

हे नाव आधी कोणी वापरलं असेल तर, अशी त्यांना धास्ती होती. 'देसी बॉइज' सिनेमाच्या प्रकरणात २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो. तरी त्याच विषयावर त्याच नावाचं पुस्तक असेल तर वाचकाचा गोंधळ होतो, म्हणून दुकानांच्या याद्या पाहून घेतल्या. एवढ्या पानांच्या पुस्तकाचा कणा जेमतेम बोटाएवढा. देवनागरीला वर वेलांटी आणि खाली उकार यांची जागा लागते, तेव्हा तिथे फक्त दोन शब्दांचं नाव बसतं.

आयएसबीएनच्या अर्जात नाव द्यावं लागतं, म्हणून हे सगळं त्याआधी मिटवलं. 'रिटायरमेंट' हा शब्द अर्जात, मुखपृष्ठावर आणि दुकानांच्या नोंदीत एकाच पद्धतीने लिहायचा, कुठे 'मेंट' कुठे 'मेन्ट' नको, असं नानांनी वहीत टिपून ठेवलं आहे. 'निवृत्ती' आणि 'पेन्शन' हे दोन्ही शब्द मागच्या पानावरच्या मजकुरात टाकले आहेत. तेच शब्द घेऊन शोधणाऱ्यालाही पुस्तक सापडायला हवं, आणि चार हजारांचा हिशेबही तिथेच छापला आहे.