ळ कुठे बसवायचा?

आमच्या घरी शब्दकोडं सोडवलं जायचं तसं बनवलंही जायचं. बाबा एका मासिकाच्या शेवटच्या पानासाठी दर महिन्याला कोडं करून द्यायचे, आणि आम्ही भावंडं, आई, आत्या असे सगळेच त्यात ओढले जायचो. गणिताच्या चौकडीच्या वहीत पेन्सिलीने नऊ बाय नऊचा चौकोन आखायचा. काळी घरं अशी भरायची, की कागद उलटा फिरवला तरी नक्षी तीच दिसावी. इथवर तासाभराचं काम. खरी झुंज पुढे सुरू व्हायची आणि ती बहुतेक वेळा शब्दांच्या शेवटच्या अक्षराशी असायची.

मराठीत एका घरात पूर्ण अक्षर बसतं, काना-मात्रा-वेलांटीसकट. जोडाक्षरालाही एकच घर. त्यामुळे आडवा आणि उभा शब्द जिथे एकमेकांना छेदतात तिथे ‘व’ला ‘व’ जुळून भागत नाही. ‘वी’ला ‘वी’च लागते. शिवाय उभ्या शब्दाच्या शेवटच्या घरातून आडवा शब्द निघणार असेल, तर त्या अक्षराने सुरू होणारा शब्द असायला हवा. ‘ळ’ने मराठी शब्द सुरू होत नाही आणि ‘ण’नेही जवळजवळ नाहीच. शेवटाला मात्र दोघेही जागोजागी.

पावसाळी अंकाचा डावीकडचा वरचा कोपरा मला अजून पाठ आहे. तीन बाय तीनची घरं, मधलं काळं. दादाने उभ्या पहिल्या शब्दाला ‘आभाळ’ सुचवलं. खालच्या डाव्या घरात ‘ळ’ आला आणि तिथून निघणारा आडवा शब्द जागीच अडला. बाबा म्हणाले, “ळला उजव्या खालच्या कोपऱ्यात पाठव. तिथे दोन्ही शब्द संपतात, सुरू कुणीच होत नाही.” मग उजवीकडे उभं ‘वादळ’ आलं, खाली आडवं ‘सरळ’ आणि डावीकडे उभा ‘पाऊस’. वरच्या ओळीला ‘पा’ने सुरू होऊन ‘वा’ने संपणारा शब्द हवा होता. आईच्या तोंडात ‘पालवी’ आलं. अंकाला किती शोभलं असतं! पण ‘वी’ने ‘वादळ’ मोडलं असतं. शेवटी ‘पारवा’ बसला:

पा र वा
ऊ ■ द
स र ळ

‘वादळ’मधल्या ‘द’पासून उजवीकडे ‘दप्तर’ काढलं, म्हणजे हा कोपरा बाकीच्या कोड्याला जोडला गेला. एखादा कोपरा असा जोडलेला नसला, की सोडवणाऱ्याला बाहेरून काहीच मदत मिळत नाही.

शब्दकोश हाताशी असायचा, पण तो पहिल्या अक्षराने लावलेला. म्हणून आम्ही शेवटच्या अक्षराप्रमाणे शब्दांची वही केली होती. त्यात ‘स’चं पान बाबांचं लाडकं, कारण ‘स’ शेवटीही चालतो आणि सुरुवातीलाही: कापूस, पाऊस, आणि पलीकडे सवड, सकाळ, साखर.

शोधसूत्रं लिहिणं हा बाबांचा आवडता भाग. सूत्र एकवचनी तर उत्तर एकवचनी, हा नियम ते कधी सोडत नसत. ‘सरळ’चा मधला ‘र’ फक्त आडव्या शब्दात येतो, वरून कुणी त्याला आधार देत नाही. अशा घराचा सगळा भार सूत्रावर. बाबांनी आधी ‘मोकळ्या मनाचा’ असं लिहिलं होतं. आत्याला आम्ही कोड्याची कोरी प्रत द्यायचो, कारण तिने शब्द पाहिलेले नसायचे. तिने पेन्सिलीने ‘सढळ’ लिहिलं. तेही बसत होतं! सूत्र तिथल्या तिथे बदललं: ‘वाकडं नसलेलं’. आता सबळ, सकळ, सढळ यांपैकी कुणालाच शिरायला वाट उरली नाही.

आकडे सगळ्यात शेवटी. डावीकडून उजवीकडे, एकेक ओळ वरून खाली वाचत जायचं. घराच्या डावीकडे काळं घर किंवा कड असेल आणि उजवीकडे मोकळं, तर तिथे आडवा शब्द सुरू होतो. वरती काळं किंवा कड आणि खाली मोकळं, तर उभा. दोन्ही सुरू झाले तरी आकडा एकच. म्हणून ‘पा’ला १ आणि त्याच आकड्याखाली आडव्या यादीत ‘पारवा’, उभ्या यादीत ‘पाऊस’. ‘वा’ला २. ‘ऊ’ला काहीच नाही, कारण त्याच्या उजवीकडे काळं घर आहे आणि वर ‘पा’. आकडे घातल्यावर एक जरी काळं घर सरकलं, तरी पुढचे सगळे आकडे आणि दोन्ही याद्या पुन्हा लिहाव्या लागत.

छापण्यासाठीची प्रत काळ्या शाईने दादा काढायचा. आकडा घराच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात अगदी बारीक लिहावा, असं बाबा त्याला दर वेळी सांगत, कारण वेलांटी, मात्रा आणि रफार यांनाही वरच जागा लागते. घर छोटं केलं की ‘प्त’ लिहिताना वाचकाची पेन्सिल शेजारच्या घरात जाते, म्हणून पान अपुरं पडलं तर ते सूत्रं आखूड करत, घरं कधीच नाही. उत्तराची चौकट वेगळ्या कागदावर काढून त्यावर ‘पुढील अंकासाठी’ असं ठळक लिहायचं, आणि दोन्ही कागद एकाच पाकिटात घालायचे.